भारित सरासरी, परीक्षागुणांची

भारित सरासरी, परीक्षागुणांची : परीक्षेतील निरनिराळ्या विषयांना अभ्यासक्रमात असलेले कमीअधिक स्थान लक्षात घेऊन काढलेली गुणांची सरासरी. प्रत्येक विषयाचे गुण त्या विषयाला नेमून दिलेल्या भाराने गुणावयाचे, आलेल्या सर्व गुणाकारांची बेरीज करावयाची आणि त्या बेरजेला सर्व भारांच्या बेरजेने भागावयाचे, अशी ही रीत आहे. विद्यापीठीय परीक्षांत हा भार श्रेयांकांच्या रूपाने दिलेला असतो. विषयांचे गुण x₁, x₂, ..., xₙ व त्यांचे श्रेयांक w₁, w₂, ..., wₙ असल्यास भारित सरासरी पुढील सूत्राने मिळते :

x̄ = (w₁x₁ + w₂x₂ + ... + wₙxₙ) / (w₁ + w₂ + ... + wₙ)

सर्व विषयांचे श्रेयांक समान असतील, तर हे सूत्र साध्या सरासरीच्या सूत्रात रूपांतरित होते. म्हणजे साधी सरासरी हा भारित सरासरीचाच एक विशेष प्रकार होय.

सूत्रामागील कल्पना : ही रीत जुनी आहे. दुसरे भास्कराचार्य यांच्या लीलावती (११५०) या ग्रंथात सुवर्णगणिताच्या प्रकरणी ती आढळते. वेगवेगळ्या कसाचे सोने एकत्र आटविले असता मिश्रणाचा कस किती येईल, हा तेथील प्रश्न आहे. कसाला तेथे वर्ण व वजनाला माष ही एकके वापरली आहेत. १३, १२, ११ व १० वर्णांचे सोने अनुक्रमे १०, ४, २ व ४ माष घेतले, तर वर्ण व वजन यांचे गुणाकार १३०, ४८, २२ व ४० येतात. त्यांची बेरीज २४० असून एकूण वजन २० माष आहे. म्हणून मिश्रणाचा वर्ण १२ येतो. केवळ चार वर्णांची साधी सरासरी काढली असती, तर ती ११.५ आली असती. उत्तम कसाचे सोने वजनाने निम्मे असल्याने मिश्रणाचा कस त्याच्याकडे ओढला गेला आहे, ही गोष्ट साध्या सरासरीत दिसत नाही. परीक्षेच्या बाबतीत वर्णाच्या जागी विषयातील गुण व वजनाच्या जागी श्रेयांक घातले की, हेच गणित जसेच्या तसे लागू पडते.

श्रेयांक : एखाद्या विषयाच्या अध्यापनासाठी लागणाऱ्या कालावधीवरून त्याचे श्रेयांक ठरतात. ही पद्धत अमेरिकेतील महाविद्यालयांत रूढ झाली. चार्ल्स एलियट हे हार्व्हर्डचे अध्यक्ष असताना (१८६९–१९०९) तेथे विद्यार्थ्याला विषय निवडण्याची मोकळीक मिळत गेली. प्रत्येक विद्यार्थ्याचे विषय वेगळे झाल्यावर सर्वांचे काम एकाच मापाने मोजणे आवश्यक ठरले. माध्यमिक शिक्षणासाठी कार्नेगी प्रतिष्ठानाने १९०६ मध्ये अध्यापनाच्या तासांवर आधारित एकक पुरस्कारिले व पुढे त्याच धर्तीचे माप महाविद्यालयीन शिक्षणातही रुळले. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सत्रभर आठवड्याला एक तास व्याख्यान किंवा दोन तास प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक, अशी व्याख्या दिली आहे. त्यामुळे आठवड्याला चार व्याख्याने असलेल्या विषयाचे चार श्रेयांक होतात, तर चार तासांच्या प्रात्यक्षिकाचे दोनच श्रेयांक होतात. श्रेयांक हे विषयाच्या काठिण्याचे माप नाही, हे यावरून स्पष्ट होते. ते नेमून दिलेल्या कामाचे माप आहे.

उदाहरण : विज्ञान शाखेच्या एका सत्रात २० श्रेयांकांचे सात विषय आहेत, असे मानू. तीन सैद्धांतिक विषय प्रत्येकी चार श्रेयांकांचे असून त्यांची परीक्षा १०० गुणांची आहे. उरलेले चार विषय प्रत्येकी दोन श्रेयांकांचे असून त्यांची परीक्षा ५० गुणांची आहे. अ या विद्यार्थ्याचे गुण पुढील कोष्टकात दिले आहेत.

| विषय | श्रेयांक | मिळालेले गुण | शेकडा गुण | श्रेयांक × शेकडा गुण |
|---|---|---|---|---|
| गणित | ४ | ५८ / १०० | ५८ | २३२ |
| भौतिकी | ४ | ६२ / १०० | ६२ | २४८ |
| रसायनशास्त्र | ४ | ६४ / १०० | ६४ | २५६ |
| भौतिकी प्रात्यक्षिक | २ | ४१ / ५० | ८२ | १६४ |
| रसायन प्रात्यक्षिक | २ | ४४ / ५० | ८८ | १७६ |
| इंग्रजी | २ | ३३ / ५० | ६६ | १३२ |
| पर्यावरण | २ | ४० / ५० | ८० | १६० |
| एकूण | २० | ३४२ / ५०० | ५०० | १,३६८ |

शेकडा गुणांची साधी सरासरी ५०० ÷ ७ = ७१.४३ येते. भारित सरासरी १,३६८ ÷ २० = ६८.४० येते. दोहोंत तीन गुणांचा फरक पडण्याचे कारण उघड आहे. या विद्यार्थ्याला चांगले गुण कमी श्रेयांकांच्या विषयांत मिळाले आहेत आणि २० पैकी १२ श्रेयांक ज्या तीन विषयांकडे आहेत, त्यांत तो मागे आहे. ७० टक्क्यांची अट असलेल्या ठिकाणी साध्या सरासरीने तो पात्र ठरेल व भारित सरासरीने अपात्र ठरेल.

ब या दुसऱ्या विद्यार्थ्याला त्याच क्रमाने गणितात ७४, भौतिकीत ७०, रसायनशास्त्रात ७२ आणि उरलेल्या चार विषयांत शेकडा ६६, ६६, ६२ व ६८ गुण मिळाले असे समजू. त्याची साधी सरासरी ४७८ ÷ ७ = ६८.२९ येते, म्हणजे तो अ च्या मागे तीन गुणांनी आहे. त्याचे श्रेयांकांशी गुणाकार २९६, २८०, २८८, १३२, १३२, १२४ व १३६ असून त्यांची बेरीज १,३८८ होते आणि भारित सरासरी ६९.४० येते. येथे तो अ च्या एका गुणाने पुढे आहे. गुण तेच असताना केवळ रीत बदलल्याने गुणानुक्रम उलटा होऊ शकतो. म्हणून कोणती सरासरी वापरावयाची, हे परीक्षेपूर्वीच नियमात लिहिलेले असावे लागते.

आकडेमोडीचा पडताळा : भारित सरासरी नेहमी सर्वांत कमी व सर्वांत अधिक गुणांच्या दरम्यान येते. वरील उदाहरणात ती ५८ ते ८८ यांच्या बाहेर आल्यास कोठेतरी चूक झाली आहे, हे निश्चित समजावे. याहून सूक्ष्म पडताळा गृहीत सरासरीच्या रीतीने घेता येतो. ७० ही सोयीची संख्या गृहीत धरली, तर अ चे गुण तिच्यापासून अनुक्रमे −१२, −८, −६, +१२, +१८, −४ व +१० इतके दूर आहेत. त्यांना श्रेयांकांनी गुणल्यावर −४८, −३२, −२४, +२४, +३६, −८ व +२० या संख्या मिळतात. त्यांची बेरीज −३२ येते. तिला २० ने भागल्यास −१.६ मिळतात आणि ७० मधून १.६ वजा केल्यावर पुन्हा ६८.४० हीच संख्या येते. या रीतीत आकडे लहान राहतात, शिवाय कोणत्या विषयाने सरासरी किती वर किंवा खाली ओढली, हेही दिसते. एकट्या गणिताने ४८ ची जी ओढ निर्माण केली, ती दोन्ही प्रात्यक्षिकांच्या मिळून ६० च्या ओढीने जेमतेम भरून निघाली आहे.

हाच −३२ आकडा आणखी एका कामी येतो. ७० ची सरासरी गाठण्यास अ ला किती गुण कमी पडले, हे त्यावरून लगेच कळते. गणितातील शेकडा एक गुण बेरजेत ४ ची भर घालतो. म्हणून गणितात ८ गुण अधिक मिळते, तर अट पुरी झाली असती. प्रात्यक्षिकात हीच तूट भरून काढण्यास शेकडा १६ गुण, म्हणजे ५० पैकी ८ गुण, अधिक लागले असते.

दुहेरी भाराची चूक : व्यवहारात सर्वांत अधिक वेळा होणारी चूक गुणांच्या कमाल मर्यादेशी संबंधित आहे. वरील कोष्टकात मिळालेल्या गुणांची नुसती बेरीज ३४२ असून कमाल गुण ५०० आहेत. त्यांचे शेकडा प्रमाण ६८.४ येते, म्हणजे श्रेयांकांचा वापर न करताही भारित सरासरीच मिळते. हा योगायोग नव्हे. प्रत्येक श्रेयांकाला येथे २५ गुण ठेवलेले असल्याने चार श्रेयांकांची परीक्षा १०० गुणांची व दोन श्रेयांकांची ५० गुणांची आहे. कमाल गुण श्रेयांकांच्या प्रमाणात असले की, भार गुणांतच समाविष्ट झालेला असतो.

अशा वेळी मिळालेले गुण शेकड्यात न आणता थेट श्रेयांकांनी गुणले, तर भार दोनदा लागू होतो. अ च्या बाबतीत हे गुणाकार २३२, २४८, २५६, ८२, ८८, ६६ व ८० असे येऊन त्यांची बेरीज १,०५२ होते. तिला २० ने भागल्यास ५२.६ ही संख्या मिळते. ती सर्वांत कमी शेकडा गुणांपेक्षाही, म्हणजे ५८ पेक्षाही, कमी असल्याने वरील पहिल्या पडताळ्यात ही चूक ताबडतोब उघडकीस येते. मात्र भाजक म्हणून श्रेयांक व कमाल गुण यांच्या गुणाकारांची बेरीज, म्हणजे १,६००, घेतली, तर उत्तर ६५.७५ येते. ते संभाव्य मर्यादेत बसत असल्याने चूक लपून राहते. प्रत्यक्षात येथे गणिताचा भार प्रात्यक्षिकाच्या दुप्पट न राहता चौपट झालेला असतो. म्हणून प्रथम सर्व विषयांचे गुण एकाच कमाल मर्यादेवर आणावेत आणि मगच श्रेयांकांनी गुणावे, हा क्रम पाळणे आवश्यक असते.

याउलट, सर्व विषयांची परीक्षा १०० गुणांची आणि श्रेयांक मात्र कमीअधिक, अशीही व्यवस्था अनेक ठिकाणी असते. तेथे एकूण गुणांची बेरीज हे साध्या सरासरीचेच दुसरे रूप होते आणि गुणपत्रिकेवरील एकूण गुण व श्रेयांकभारित सरासरी यांवरून लावलेले गुणानुक्रम जुळत नाहीत. असा फरक दिसल्यास कमाल गुण श्रेयांकांच्या प्रमाणात आहेत की नाहीत, हे प्रथम पाहावे.

श्रेणीगुणांची सरासरी : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या तत्त्वांनुसार विषयातील कामगिरी श्रेणीने दर्शविली जाते व प्रत्येक श्रेणीला दहापैकी ठरावीक श्रेणीगुण असतात. सर्वोच्च श्रेणीला १०, त्याखालील श्रेणींना क्रमाने ९, ८, ७, ६ व ५, उत्तीर्णतेच्या शेवटच्या श्रेणीला ४ आणि अनुत्तीर्ण किंवा अनुपस्थित असल्यास ०, असे हे मोजमाप आहे. एका सत्रातील श्रेणीगुणांची श्रेयांकभारित सरासरी म्हणजे सत्र श्रेणीगुण सरासरी (एसजीपीए) होय. सर्व सत्रांची मिळून संचयी श्रेणीगुण सरासरी (सीजीपीए) काढतात. दोन्ही सरासऱ्या दोन दशांश स्थळांपर्यंत देतात.

किती गुणांना कोणती श्रेणी द्यावयाची, हे विद्यापीठ ठरविते. नमुन्यादाखल ८० व त्यावरील गुणांना १०, ७० ते ८० च्या आतील गुणांना ९, ६० ते ७० च्या आतील गुणांना ८ आणि ५५ ते ६० च्या आतील गुणांना ७ श्रेणीगुण आहेत, असे मानू. अ चे श्रेणीगुण अनुक्रमे ७, ८, ८, १०, १०, ८ व १० येतात. श्रेयांकांनी गुणून २८, ३२, ३२, २०, २०, १६ व २० मिळतात. त्यांची बेरीज १६८ असून सत्र सरासरी ८.४० होते. ब चे श्रेणीगुण ९, ९, ९, ८, ८, ८ व ८ असून बेरीज १७२ व सत्र सरासरी ८.६० होते.

येथे क्रियांचा क्रम बदलून चालत नाही. आधी गुणांची सरासरी काढून मग तिला श्रेणी दिली, तर अ चे ६८.४० व ब चे ६९.४० या दोहोंना ८ च श्रेणीगुण मिळतील आणि दोघांतील फरक नाहीसा होईल. आधी प्रत्येक विषयाला श्रेणी व नंतर श्रेणीगुणांची सरासरी, हाच नियमाला धरून असलेला क्रम होय.

श्रेणीमुळे गुणांचा परिणाम पायऱ्यापायऱ्यांनी होतो, ही तिची आणखी एक बाजू आहे. ब ला भौतिकीत ७० ऐवजी ६९ गुण मिळाले असते, तर त्याचे श्रेणीगुण ९ चे ८ झाले असते. चार श्रेयांकांमुळे बेरजेतून ४ कमी होऊन त्याची सरासरी ८.४० झाली असती आणि तो अ च्या बरोबरीला आला असता. उलट अ ला भौतिकीत ६२ ऐवजी ६९ गुण मिळाले असते, तरी त्याच्या सरासरीत काहीही फरक पडला नसता. अधिक श्रेयांकांच्या विषयात श्रेणीच्या सीमेवर असलेल्या एका गुणाला म्हणूनच विशेष महत्त्व येते व पुनर्मूल्यांकनासाठी असेच विषय निवडणे विद्यार्थ्याच्या दृष्टीने हिताचे असते.

अनुत्तीर्ण विषयाचे स्थान : विद्यार्थी अनुत्तीर्ण झाल्यास त्या विषयाचे श्रेणीगुण शून्य धरले जातात, परंतु श्रेयांक भाजकात कायम राहतात. अ गणितात अनुत्तीर्ण झाला असता, तर १६८ मधून २८ वजा होऊन १४० उरले असते आणि सरासरी १४० ÷ २० = ७.०० झाली असती. भाजकातूनही चार श्रेयांक वगळले, तर १४० ÷ १६ = ८.७५ ही सरासरी येते. ती उत्तीर्ण झाल्यावर मिळणाऱ्या ८.४० पेक्षाही अधिक आहे. हा निष्कर्ष विपरीत असल्याने ही रीत अग्राह्य ठरते. विषय नंतर उत्तीर्ण झाल्यावर शून्याच्या जागी नवे श्रेणीगुण घालून सरासरी पुन्हा काढतात. केवळ उपस्थितीसाठी असलेल्या व श्रेणी न दिल्या जाणाऱ्या विषयांचे मात्र अंश व भाजक दोहोंतही स्थान नसते.

सत्रांची संचयी सरासरी : दोन सत्रांचे श्रेयांक भिन्न असल्यास सत्र सरासऱ्यांची साधी सरासरी घेता येत नाही. अ चे पहिले सत्र २० श्रेयांकांचे व सरासरी ८.४०, तर दुसरे सत्र २४ श्रेयांकांचे व सरासरी ७.५० असल्यास पहिल्याचे गुणाकार १६८ व दुसऱ्याचे १८० होतात. एकूण ३४८ ला ४४ ने भागून संचयी सरासरी ७.९१ येते. ८.४० व ७.५० यांची साधी सरासरी ७.९५ आली असती. श्रेयांक या ठिकाणी दुहेरी काम करतात, सत्रात ते विषयांचे भार असतात आणि संचयी सरासरीत त्यांची बेरीज ही सत्राचा भार होते. त्यामुळे सर्व सत्रांतील सर्व विषय एकत्र मांडून काढलेली सरासरी व सत्र सरासऱ्यांवरून काढलेली भारित सरासरी या सारख्याच येतात.

त्यांच्यात शेवटच्या अंकाचा फरक पडला, तर तो दशांश स्थळे आधीच तोडल्याने पडतो. प्रत्येकी २२ श्रेयांकांच्या तीन सत्रांत गुणाकारांच्या बेरजा १५५, १६६ व १५७ आहेत असे समजू. सत्र सरासऱ्या दोन स्थळांपर्यंत ७.०५, ७.५५ व ७.१४ येतात. त्यांवरून काढलेली संचयी सरासरी ७.२४६७, म्हणजे ७.२५ होते. परंतु मूळ बेरजांवरून ४७८ ÷ ६६ = ७.२४२४, म्हणजे ७.२४ हे खरे उत्तर येते. तिन्ही सत्रांत अंक वरच्या बाजूला पुरा केल्यामुळे ही वाढ झाली आहे. कोठेतरी ७.२५ ची अट असल्यास हा शतांशाचा फरक निर्णायक ठरतो. म्हणून सत्र सरासरीसोबत गुणाकारांची मूळ बेरीज व श्रेयांक यांचीही नोंद ठेवावी आणि आसन्न मूल्य फक्त शेवटच्या पायरीवर घ्यावे.

टक्केवारीत रूपांतर : श्रेणीगुणांची सरासरी टक्केवारीत मांडण्यासाठी निरनिराळी सूत्रे प्रचारात आली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावीच्या श्रेणीपद्धतीत ९.५ ने गुणण्याची रीत सुचविली होती. सरासरीतून ०.७५ वजा करून बाकीला १० ने गुणण्याचे सूत्र तंत्रशिक्षणात आढळते. नुसते १० ने गुणणेही पुष्कळ ठिकाणी चालते. अ च्या ८.४० ला ही तीन सूत्रे लावली असता अनुक्रमे ७९.८, ७६.५ व ८४ टक्के येतात. त्याचे प्रत्यक्ष गुण मात्र ६८.४ टक्के आहेत.

या तफावतीचे कारण आकडेमोडीतील दोष हे नसून श्रेणी देताना गुणांची माहिती गमावली जाते, हे आहे. नमुन्याच्या कोष्टकात ५५ गुणांनाही ७ श्रेणीगुण मिळतात व ८० पासून १०० पर्यंत सर्वांना १० मिळतात. अ च्या सातही श्रेणी तशाच ठेवून प्रत्येक विषयात त्या श्रेणीचे किमान गुण धरले, तर भारित सरासरी ६५.० येते. कमाल पूर्णांकी गुण धरले, तर ती ७६.३ येते. म्हणजे ८.४० या एकाच संख्येमागे अकरा टक्क्यांच्या पट्ट्यातील कोणतेही गुण असू शकतात. ते नेमके किती, हे कोणत्याही सूत्राने परत मिळविता येत नाही. प्रत्येक सूत्र एका विशिष्ट श्रेणीकोष्टकासाठी बनविलेले असते आणि दुसऱ्या कोष्टकाला ते लावणे अशास्त्रीय ठरते. ज्या विद्यापीठाने श्रेणी दिली, त्याचेच सूत्र वापरावे व मूळ गुण उपलब्ध असल्यास सूत्राऐवजी त्यांवरून भारित सरासरी काढावी, हे अधिक योग्य होय.

मर्यादा : श्रेयांकांच्या भारामुळे विषयाला जे महत्त्व देण्याचा हेतू असतो, ते गुणानुक्रमात नेहमी उतरतेच असे नाही. गुणानुक्रम विषयातील गुणांच्या विस्तारावरही अवलंबून असतो. एखाद्या वर्गात गणिताचे गुण ४० पासून ९० पर्यंत पसरलेले आहेत आणि प्रात्यक्षिकात सर्वांना ८२ ते ८८ च्या दरम्यानच गुण मिळाले आहेत, असे समजू. गणिताचे चार व प्रात्यक्षिकाचे दोन श्रेयांक असता, पहिल्या व शेवटच्या विद्यार्थ्यात गणितामुळे २०० पर्यंत व प्रात्यक्षिकामुळे केवळ १२ पर्यंत फरक पडू शकतो. नियमात दोन विषयांच्या भारांचे प्रमाण २ : १ असले, तरी क्रम ठरविण्यातील त्यांचा वाटा सुमारे १७ : १ झालेला असतो. ज्या परीक्षेत सर्वांना जवळजवळ सारखेच गुण दिले जातात, तिचे श्रेयांक वाढविल्याने सर्वांची सरासरी वर सरकते, परंतु विद्यार्थ्यांचा आपसांतील क्रम फारसा बदलत नाही.

स्पर्धात्मक निवडीत हा दोष टाळण्यासाठी प्रत्येक विषयातील गुणांतून वर्गाची सरासरी वजा करून बाकीला त्या विषयाच्या प्रमाण विचलनाने भागतात आणि अशा प्रमाणित गुणांना श्रेयांकांचा भार लावतात. त्यामुळे सर्व विषयांचा विस्तार सारखा होतो व भारांचे ठरविलेले प्रमाण क्रमातही बरेचसे टिकते. परंतु विद्यार्थ्याचे गुण मग त्याच्या सोबत परीक्षेस बसलेल्यांवर अवलंबून राहतात. वर्ग लहान असल्यास प्रमाण विचलन अस्थिर असते व एखाद्या असाधारण विद्यार्थ्यामुळे सर्वांचे प्रमाणित गुण बदलतात. पदवीच्या गुणपत्रिकेत विद्यार्थ्याने स्वतः किती काम पुरे केले व ते कोणत्या दर्जाने, एवढेच सांगावयाचे असते. त्या कामासाठी साधी श्रेयांकभारित सरासरी पुरेशी आहे. मात्र दोन वेगळ्या विद्यापीठांतील किंवा वेगळ्या विषयसंचांतील विद्यार्थ्यांचा तुलनात्मक क्रम तिच्यावरून लावल्यास तो कितपत विश्वसनीय आहे, हे त्या त्या ठिकाणची श्रेणीकोष्टके व गुणांचा विस्तार पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.